रोज सकाळी एसटीपीचा वास येतो, डीओ शून्यावर जातो: नवी टाकी बांधायच्या आधी हवा कुठे जातेय ते बघा

छोट्या एसटीपीची, म्हणजे सांडपाणी साफ करणाऱ्या प्लँटची, ही तक्रार इतक्या वेळा समोर येते की एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतो. तक्रार साधारण अशी असते. सकाळी सात-साडेसातनंतर एरेशन टँकला, म्हणजे जिथे सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीला, कुजक्या अंड्याचा वास सुटतो, डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन शून्यावर जातो, पाण्याचा रंग चॉकलेटी असायचा तो करडा किंवा काळपट होतो, दुपारी दोन-तीनपर्यंत आपोआप जरा बरं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. कोणीतरी स्लज, म्हणजे टाकीतला बॅक्टेरियांचा गाळ, काढायला सांगतं, स्लज काढला की आठवडाभर बरं वाटतं आणि मग गाडी मूळपदावर. मग कोणीतरी तयार बॅक्टेरियांचं कल्चर आणून टाकतं, त्याने पण काही होत नाही. शेवटी एक सल्ला येतोच येतो, "तुमची एरेशन टँक लहान आहे, अजून एक बांधा."

टाकी खरंच लहान असू शकते, नाही असं नाही. पण दुखणं जर ठरावीक वेळेलाच येत असेल तर पहिला संशय टाकीवर घेऊ नका. टाकीचं माप सकाळी आणि दुपारी तेच असतं. सकाळी बदलतात त्या दोन गोष्टी, आत येणारा लोड आणि टाकीला मिळणारी हवा. त्या आधी मोजा.

एक खरा हिशोब घेतो, म्हणजे पुढचं सगळं त्याच्यावर बोलता येईल. मी बघत होतो त्या कॉम्प्लेक्सचा प्लँट 60 केएलडीचा, म्हणजे दिवसाला 60 घनमीटर सांडपाणी. एक्स्टेंडेड एरेशन पद्धतीचा, म्हणजे पाण्याला जास्त वेळ हवा देत ठेवायची, बॅक्टेरिया चिकटून वाढायला मीडिया वगैरे काही नाही. इनलेट बीओडी, म्हणजे आत येणारी घाण कुजवायला बॅक्टेरियांना लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे 250 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसाला 60 × 0.25 = 15 किलो बीओडी. एरेशन टँक 4 मीटर बाय 3 मीटर, पाण्याची खोली 3 मीटर, म्हणजे 36 घनमीटर. एमएलएसएस, म्हणजे टाकीतल्या पाण्यात तरंगणारा स्लज, लिटरमागे 3500 मिलिग्रॅम.

आता टाकी लहान आहे का हे कसं ठरवायचं? तर बीओडीचे किलो भागिले टाकीतल्या स्लजचे किलो. टाकीतला स्लज 36 × 3.5 = 126 किलो. 15 भागिले 126 म्हणजे जवळपास 0.12. यालाच एफ टू एम म्हणतात आणि एक्स्टेंडेड एरेशनला साधारण 0.05 ते 0.15 मध्ये असलं की चालतं. पाणी टाकीत राहतं ते 36 भागिले 60 गुणिले 24, म्हणजे साडेचौदा तासाच्या आसपास. हे काही ऐसपैस नाही, पण लहान पण नाही. हीच टाकी जर दिवसाला 25 किलो बीओडी खायला लावली, तर 0.12 टिकवायला एमएलएसएस 5800 च्या घरात न्यावा लागेल आणि तेवढा स्लज छोट्या सेटलिंग टँकला झेपत नाही, वरून वाहून जायला लागतो. तिथे मी पण म्हणेन की टाकी लहान आहे. या प्लँटमध्ये तसं नव्हतं.

मग ऑक्सिजन किती लागतो ते बघू. बीओडीसाठी एक्स्टेंडेड एरेशनला किलोमागे साधारण 1.2 किलो धरा, म्हणजे 18 किलो. त्यावर अमोनियाचं नायट्रेट व्हायला जे लागतं ते बरेच जण हिशोबात धरतच नाहीत, आणि तो आकडा मोठा आहे, कारण 1 किलो अमोनिया नायट्रोजनला जवळपास 4.6 किलो ऑक्सिजन जातो. इथे दिवसाला 2 किलो नायट्रोजन धरला तर 9 किलो झाले. एकूण 27 किलो दिवसाला, तासाला सरासरी 1.13 किलो.

हवेत ऑक्सिजन भरपूर आहे, 1 घनमीटर हवेत 0.28 किलो. पण त्यातला पाण्यात विरघळतो किती, सगळा खेळ तिथे आहे. टाकीच्या तळाशी बारीक बुडबुडे सोडणाऱ्या फाइन बबल मेंब्रेन डिफ्यूझरच्या कॅटलॉगमध्ये स्वच्छ पाण्यातला आकडा दिलेला असतो, साधारण खोलीच्या मीटरमागे 6 टक्के. डिफ्यूझरवर पावणेतीन मीटर पाणी असेल तर साडेसोळा टक्के. खूप जण इथेच थांबतात आणि हवा पुरवणारा ब्लोअर लहान येतो. सांडपाण्यात साबण असतो, स्लज असतो, पाणी गरम असतं, वर 2 मिलिग्रॅम डीओ टिकवायचा असतो, हे सगळं धरलं की साडेसोळाऐवजी 6 टक्केच हातात येतात. म्हणजे 1 घनमीटर हवेतून जेमतेम 17 ग्रॅम ऑक्सिजन. डिफ्यूझर चार-पाच वर्षं जुने आणि चिकटा धरलेले असतील तर 4 टक्के पण पडतात.

तर सरासरीला हवा लागते 1.13 भागिले 0.017, म्हणजे 67 घनमीटर ताशी. या प्लँटवरचा ट्विन लोब ब्लोअर 110 घनमीटर ताशीचा होता. बघणाऱ्याला वाटतं की भरपूर आहे, आणि मग बोट टाकीकडेच जातं.

पण त्या एकाच ब्लोअरवर काय काय लावलं होतं ते बघा. एरेशन टँक, येणारं पाणी आधी साठवून सारख्या वेगाने पुढे सोडायला बांधलेल्या इक्वलायझेशन टँकमधले मिक्सिंगचे कोर्स बबल पाइप, आणि स्लज परत आणायची एअरलिफ्ट. सगळं एकाच हेडरवर, म्हणजे हवेच्या मुख्य पाइपवर. इक्वलायझेशन टँक 20 घनमीटरची, तिला मिक्सिंगसाठी 24-25 घनमीटर हवा, एअरलिफ्टला पाच-सहा. उरली 80. 80 गुणिले 0.0168 म्हणजे 1.34 किलो ऑक्सिजन तासाला. सरासरी 1.13 ला पुरतं, पण हाताशी फार नाही. आणि हे सगळं सुरळीत असताना.

आता खरी गोम. हवा नेहमी सोप्या वाटेने जाते. एरेशन टँकचे डिफ्यूझर पावणेतीन मीटर पाण्याखाली, म्हणजे नुसतं ते पाणी ढकलायलाच हेडरमध्ये 0.27-0.28 बार लागतो, वर मेंब्रेन आणि पाइपचा तोटा धरून गेज 0.33-0.35 दाखवायला पाहिजे. इक्वलायझेशन टँक भरलेली असते तेव्हा तिच्यावरही तेवढंच पाणी असतं, मग हवा नीट वाटली जाते. पण ती टाकी पहाटे जवळजवळ रिकामी होते, पाणी राहतं मीटरभर किंवा त्याहून कमी. मोठ्या भोकांचे पाइप, वर पाणी नाही, सगळी हवा तिकडून भुसभुस करत निघून जाते. आम्ही पहाटे साडेपाचला गेज बघितलं तर 0.22. दुखणं ओळखायला हा आकडा पुरेसा आहे. 0.28 च्या खाली गेज असेल तर एरेशन टँकच्या तळाच्या डिफ्यूझरमधून हवा निघूच शकत नाही, मेंब्रेन मिटून बसतात. ब्लोअर चालू, मोटर चालू, आवाज चालू, लॉगबुकात "ब्लोअर ऑन" असं लिहिलेलं, आणि एरेशन टँक सपाट पडलेली. ऑपरेटरदादांना विचारलं तर म्हणाले, "पहाटे बुडबुडे कमीच असतात, मला वाटलं पाणी कमी येतं म्हणून तसं असेल."

आता टाकीत स्लज तर जिवंत आहे, तो खायला नसलं तरी श्वास घेतोच. सरासरी 1.13 किलो भागिले 36 घनमीटर म्हणजे लिटरमागे तासाला 31 मिलिग्रॅम ऑक्सिजन. पहाटे जरा कमी धरा. तरी डीओ 2 असताना हवा बंद पडली तर चार-पाच मिनिटांत शून्य होतो. आणि हे तासन्‌तास चाललं की स्लज सडायला लागतो, वास तिथून. रात्री आवाजाची तक्रार येते म्हणून किंवा वीज वाचवायला म्हणून जिथे ब्लोअर रात्रभर बंद ठेवतात तिथे पण नेमकं हेच होतं, फक्त कारण वेगळं. नायट्रेट काढायला म्हणून ठरवून अर्धा तास बंद, मग चालू असं करणं वेगळं आणि चार तास बंद ठेवणं वेगळं, दोन्ही एका मापात धरू नका.

त्या अर्धमेल्या स्लजवर सात वाजता सकाळचं सगळं पाणी येतं. आणि ते येतं कसं? रॉ सीवेज पंप 9 घनमीटर ताशीचा, पाण्याच्या पातळीप्रमाणे चालू-बंद करणाऱ्या फ्लोटवर. रात्री येतं त्यापेक्षा जास्त वेगाने ओढतो म्हणून इक्वलायझेशन टँक रिकामी करून ठेवतो, आणि सकाळी पाणी आलं की आहे तसं 9 च्या वेगाने एरेशन टँकमध्ये ढकलतो. 9 घनमीटर म्हणजे तासाला सव्वादोन किलो बीओडी, सरासरीच्या साडेतीन पट. म्हणजे इक्वलायझेशन टँक असून नसल्यासारखी. ती ज्या कामासाठी बांधली ते काम हा एक पंप होऊ देत नव्हता.

हे अंदाजाने बोलायची गरज नाही, जागेवर दहा मिनिटांत मोजता येतं. डीओ मीटर, एक मोठी बाटली आणि तोंड अरुंद असलेली एक छोटी बाटली पाहिजे. एरेशन टँकमधलं पाणी बादलीने वर घ्या, मोठ्या बाटलीत अर्धं भरून जोरजोरात हलवा म्हणजे डीओ 5-6 पर्यंत चढतो, मग त्याच पाण्याने छोटी बाटली काठोकाठ भरा, मीटरचा प्रोब बुडवून तोंड बंद करा, आत हवा राहता कामा नये, आणि सतत ढवळत राहा. दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहा. सॅम्पल घेऊन ऑफिसात जाऊन चहा घेऊन मग टेस्ट करायची नाही, तिथल्या तिथे करायची, नाहीतर आकडा खोटा येतो. साडेनऊ वाजता आमच्याकडे डीओ 6.0 वरून 1.2 वर पाच मिनिटांत आला. स्लज किती वेगाने ऑक्सिजन खातो तो आकडा म्हणजे ओयूआर:

```
OUR = (6.0 - 1.2) x 60 / 5 = 58 mg/L/h
58 x 36 / 1000 = 2.1 kg O2/h
```

म्हणजे त्या वेळेला टाकी तासाला 2.1 किलो मागत होती आणि ब्लोअर सगळं नीट चाललं तरी 1.34 देणार होता. डीओ शून्य का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. आणि एक लक्षात घ्या, इथे अजून एक टाकी बांधून तिला तीच 80 घनमीटर हवा दोन टाक्यांत वाटून दिली असती तर मागणी काही कमी झाली नसती. स्लज जास्त मावला असता, त्याचा स्वतःचा श्वास वाढला असता, आणि वास दोन टाक्यांना आला असता.

तसंच एमएलएसएस वाढवण्याचं. डीओ पडला की "बॅक्टेरिया कमी पडतायत" म्हणून स्लज काढणं बंद करतात, एमएलएसएस 6000 वर नेतात. जास्त स्लज जास्त ऑक्सिजन खातो, आणि घट्ट पाण्यात बुडबुड्यातून ऑक्सिजन विरघळणं अजून कमी होतं. दोन्हीकडून मार. स्लज काढला की आठवडाभर बरं वाटायचं ते याच्यामुळे, मागणी थोडी खाली यायची आणि स्लज साठला की परत वर. म्हणजे स्लज काढणं चूक नव्हतं, पण मूळ दुखणं तसंच राहिलं होतं.

आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा खर्च नसलेली कामं. रॉ सीवेज पंपाच्या डिलिव्हरीला टी टाकून एक लाइन परत इक्वलायझेशन टँकमध्ये वळवली, आणि दोन व्हॉल्व्हनी एरेशन टँककडे जाणारा फ्लो 3 घनमीटर ताशी वर आणला. पंपाचा व्हॉल्व्ह नुसता पिळून फ्लो कमी करायला जाऊ नका, सांडपाण्यात अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमध्ये चिंध्या अडकतात आणि दोन दिवसांत फ्लो शून्य. बायपास लाइनचा व्हॉल्व्ह मोठा उघडा राहतो, फीडचा व्हॉल्व्ह पण रोज एकदा पूर्ण उघडून परत जागेवर आणायची सवय लावली. फ्लो बादली आणि घड्याळ लावून मोजला, 3 घनमीटर ताशी म्हणजे मिनिटाला 50 लिटर.

दुसरं, खालचा फ्लोट वर उचलला, म्हणजे इक्वलायझेशन टँकमध्ये कधीच 1.2 मीटरच्या खाली पाणी जाणार नाही. याला किंमत आहे. 20 घनमीटरमधली 12 च वापरायला उरते. सकाळच्या तीन तासांत साधारण 21 घनमीटर यायचं आणि 9 पंप ओढायचा, म्हणजे 12 साठवायला लागतात, जेमतेम बसतं. तुमच्या टाकीला हा हिशोब आधी करा. बसत नसेल तर फ्लोट इतका वर घेऊ नका, नाहीतर सकाळी ओव्हरफ्लो होईल आणि ती अजून मोठी भानगड.

तिसरं, इक्वलायझेशनच्या हवेच्या फांदीवरचा व्हॉल्व्ह. तो पहाटे, टाकी सगळ्यात खाली असताना सेट करायचा, दुपारी नाही. एरेशन हेडरचं गेज 0.32 च्या वर येईपर्यंत हळूहळू बंद करत जायचं आणि मग त्या जागी हँडल काढून ठेवायचं, कारण कोणीतरी येऊन फिरवतंच. टाकी भरल्यावर तिकडची हवा कमी होते हे खरं, काही तास चालतं, पण तळाला गाळ बसायला लागला तर दिवसातून एकदा तो व्हॉल्व्ह दहा मिनिटं उघडून ढवळून घ्या.

एवढ्यावर वास गेला. काही दिवस स्लजला सावरू दिलं आणि परत तीच बाटलीची टेस्ट साडेनऊला केली, 5.8 वरून 1.0 वर यायला आठ मिनिटं लागली, म्हणजे ओयूआर 36. गुणिले टाकीचे 36 घनमीटर, 1.3 किलो ताशी. ब्लोअर देतो 1.34. डीओ दीडच्या आसपास तरंगायला लागला. पण हे काठावरचं गणित आहे, डिफ्यूझर थोडे बुजले की परत खाली. म्हणून चौथं काम खर्चाचं केलं, इक्वलायझेशनला वेगळा छोटा ब्लोअर लावला आणि हेडर तोडून दोन वेगळे केले. आता मोठ्या ब्लोअरची 104 घनमीटर एरेशनला जाते, पावणेदोन किलो ऑक्सिजन तासाला. नवीन प्लँट बांधत असाल तर हे पहिल्या दिवशीच मागून घ्या, खोली वेगवेगळी असलेल्या किंवा पाणी वरखाली होणाऱ्या टाक्या एका हेडरवर घेऊच नका. ड्रॉइंगमध्ये एक ब्लोअर वाचलेला दिसतो आणि पुढची दहा वर्षं माणसं वासात राहतात.

गेजबद्दल अजून थोडं, कारण बऱ्याच प्लँटवर गेज बंद पडलेलं असतं आणि कोणी बदलत नाही. वर दिलेल्या खोलीला 0.33-0.35 ठीक. 0.28 च्या खाली म्हणजे हवा दुसरीकडे चाललीय, पाइप फुटलाय, बेल्ट सरकतोय किंवा सक्शन फिल्टर धुळीने बुजलाय. उलट 0.45 च्या पुढे गेलं, ब्लोअर जास्त तापतोय, सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतोय, म्हणजे मेंब्रेन बुजलेत. तेव्हा दुसरा ब्लोअर जोडून जास्त हवा कोंबू नका, जास्तीची हवा सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच बाहेर जाते. डिफ्यूझर बाहेर काढून धुवा किंवा बदला. पाण्यावरून पण कळतं. बारीक बुडबुडे सगळीकडे सारखे असले तर ठीक, एका कोपऱ्यात कढईसारखी उकळी फुटतेय आणि बाकी पाणी शांत असेल तर तिथे मेंब्रेन फाटलाय, हवा मोठ्या बुडबुड्यांनी वर येऊन फुकट जातेय. मोजायला गेलं तर हवा पूर्ण, विरघळतं अर्धं पण नाही.

डिफ्यूझरची संख्या पण एकदा मोजून घ्या. 9 इंची डिस्कला साधारण 4 घनमीटर ताशी हवा सोसते, 104 ला 26 लागतात. दहा-बाराच लावलेले असतील तर प्रत्येकातून दुपटीहून जास्त हवा जाते, बुडबुडे मोठे होतात आणि ते 6 टक्के पण मिळत नाहीत.

एक गोष्ट सगळ्यात आधी लिहायला हवी होती इतकी महत्त्वाची: वास कुजक्या अंड्याचा आहे म्हणजे तो हायड्रोजन सल्फाइड आहे. फ्लोट उचलायला, पाइप बघायला म्हणून झाकणाच्या आत वाकू नका, रिकामी दिसतेय म्हणून इक्वलायझेशन टँकमध्ये कोणालाही उतरवू नका. जास्त प्रमाण झालं की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणूस तिथेच कोसळतो, त्याला काढायला गेलेला दुसरा पण. फ्लोट वरून दोरीने ओढा, डिफ्यूझर काढता येतील अशा ड्रॉप पाइपवर नसतील तर टाकी रिकामी करून, पंख्याने हवा खेळवून, गॅस मीटर, हार्नेस आणि वर उभी असलेली माणसं असल्याशिवाय ते काम करायचं नाही.

कोणाच्या प्लँटला असंच होत असेल तर खाली एवढं लिहा: एरेशन टँकची लांबी-रुंदी-पाण्याची खोली, रोजचं पाणी, ब्लोअरच्या प्लेटवरचा आकडा, त्याच्यावर काय काय जोडलंय, आणि पहाटे साडेपाच व सकाळी साडेनऊ या दोन वेळचं गेज आणि डीओ. दुपारचे आकडे पाठवू नका, दुपारी सगळेच प्लँट चांगले दिसतात.